एकूण १३ तास

लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक कागद लागतो. ‘सर्व सभासद व भाडेकरू यांना कळविण्यात येते की, गच्चीवरील टाकीच्या मुख्य व्हॉल्व्हच्या कामानिमित्त मंगळवारी सायंकाळी ६ ते बुधवारी सकाळी ७ वाजेपर्यंत (एकूण १३ तास) पाणीपुरवठा बंद राहील. कृपया सहकार्य करावे.’ खाली सही, त्यावर सोसायटीचा शिक्का. लिफ्ट येईपर्यंत वाचून होतो आणि लिफ्टमध्ये शिरता शिरता पहिला प्रश्न येतो : एक व्हॉल्व्ह बदलायला १३ तास?

प्रश्न रास्त आहे. नुसता व्हॉल्व्ह काढून नवा बसवायला कामाची माणसं तीन तासांच्या आत मोकळी होतात. उरलेले दहा तास कुठे जातात हे नोटिशीत लिहिलेलं नसतं, म्हणून ‘कमिटीने आपली सोय पाहिली’ असा अर्थ निघतो. खरं तर हा १३चा आकडा नीट मांडलेला हिशेब असू शकतो, किंवा कुणीतरी अंदाजाने ठोकून दिलेला असू शकतो. दोन्हींतला फरक वाचणाऱ्याला ओळखता येतो.

आधी कंसातल्या आकड्याबद्दल. ‘सायंकाळी ६ ते सकाळी ७’ लिहिल्यावर ‘एकूण १३ तास’ लिहायची गरज काय, असं वाटतं. पण मध्ये मध्यरात्र येते तेव्हा माणसं हटकून चुकतात. मध्यरात्रीपर्यंतचे तास मोजायचे, मग सकाळचे मिळवायचे : ६ आणि ७, म्हणजे १३. वेळ आणि बेरीज दोन्ही लिहिलेल्या असल्या की एकाने दुसऱ्याची तपासणी होते. वेळ ‘सायंकाळी ६ ते सकाळी ८’ आणि कंसात ‘१२ तास’ असेल, तर दोन्हींपैकी काहीतरी चुकलं आहे हे तिथेच कळतं आणि विचारता येतं. जुनी नोटीस उघडून तारीख बदलून पुन्हा छापली की हे हमखास होतं. वेळ बदलतात, कंस तसाच राहतो. ‘रात्री १२’ हा शब्दप्रयोग तर नोटिशीत वापरूच नये. ‘बुधवारी रात्री १२ पासून’ म्हणजे बुधवार सुरू होताना की संपताना, यावर एका विंगमध्ये दोन तट पडतात. ११.५५ लिहावं, वाद मिटतो.

आता १३ तासांचा हिशेब. उदाहरणाला एक साधी विंग घेऊ : सात मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे २८ घरं. घरटी चार माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर हे घरगुती वापराचं आपल्याकडचं रूढ प्रमाण धरलं, तर विंगचा दिवसाचा वापर साधारण १५,००० लिटर होतो. गच्चीवरची टाकीही तेवढीच, १५,००० लिटरची, एकाच कप्प्याची. खाली जमिनीत मोठी टाकी, तिथून पंप वर पाणी चढवतो. वरच्या टाकीच्या तळाशी भिंतीतून एक आखूड लोखंडी पाइप बाहेर येतो, त्यावर ८० मिलिमीटरचा मुख्य व्हॉल्व्ह आणि पुढे आडवी प्लास्टिकची लाइन. त्या लाइनमधून प्रत्येक रांगेतल्या न्हाणीघरांसाठी आणि स्वयंपाकघरांसाठी उभे पाइप खाली उतरतात; प्लंबर त्यांना डाऊनटेक म्हणतात.

बिघडला आहे तो मुख्य व्हॉल्व्ह, आणि सगळी गोम तिथेच आहे. एखाद्या डाऊनटेकचा जोड गळत असता, तर त्या रांगेचा छोटा व्हॉल्व्ह बंद करून काम झालं असतं. सात घरांना दोन-तीन तास त्रास, बाकीच्यांना पत्ताही लागला नसता. मुख्य व्हॉल्व्हच्या आधी मात्र काहीच नाही, थेट टाकी. तो काढायचा म्हणजे टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. टाकी दोन कप्प्यांची असती आणि प्रत्येकाला वेगळा आउटलेट असता, तर एक कप्पा चालू ठेवून दुसऱ्याचं काम उरकता आलं असतं. इमारत बांधताना वाचवलेली ती एक मधली भिंत आणि एक व्हॉल्व्ह पुढे दर दुरुस्तीला अशा नोटिशीच्या रूपाने वसूल होतात.

कामाच्या रात्रीचं वेळापत्रक असं बसतं. सहाला पुरवठा बंद. टाकीत तळाशी उरलेलं पाणी काढायला पाऊण तास. पावणेसातला जुना व्हॉल्व्ह काढायला सुरुवात. त्याचे नटबोल्ट वर्षानुवर्षं उन्हापावसात गंजलेले असतात, पान्याने फिरत नाहीत, कापावे लागतात, म्हणून दीड तास. सव्वाआठला नवा व्हॉल्व्ह, नवीन गास्केट, आणि पुढच्या प्लास्टिक लाइनचे दोन जोड, सव्वा तास. साडेनऊला माणसं हात धुऊन घरी. तिथून पहाटे साडेपाचपर्यंत, पूर्ण आठ तास, गच्चीवर कुणीही काहीही करत नाही.

हे आठ तास वाया गेलेले नसतात. प्लास्टिकच्या पाइपांचा जोड डिंकासारखा वरवर चिकटत नाही. लावलेलं सोल्युशन पाइप आणि फिटिंग या दोन्हींचे पृष्ठभाग विरघळवतं, ते एकमेकांत मिसळतात, आणि मग त्यातला द्राव हळूहळू उडून जातो तसा जोड कडक होतो. पाच मिनिटांत हात लावून पाहिलं तर जोड घट्टच वाटतो. फसगत इथेच होते. अर्ध्या इंची पाइपाला तास-दोन तास पुरत असतील, पण पाइप जाड झाला की सोल्युशनचा थरही जाड, आणि तो वाळायला वेळ जास्त. हवा थंड असेल किंवा दमट असेल तर आणखी जास्त. किती, ते सोल्युशनच्या डब्यावर पाइपच्या मापाप्रमाणे छापलेलं असतं, आणि तो तक्ता सहसा कुणी वाचत नाही. कच्च्या जोडात पाणी सोडलं तर तो लगेच निसटतोच असं नाही. बहुतेकदा आत एक केसाएवढी वाट राहते आणि काही आठवड्यांनी आडव्या लाइनखाली ओल दिसू लागते. मग पुन्हा टाकी रिकामी, पुन्हा नोटीस.

म्हणून हे काम संध्याकाळी सुरू करतात. आठ तास जोडाला द्यायचेच आहेत, तर ते लोक झोपलेले असतानाचे द्यावेत. दिवसाच्या १५,००० लिटरपैकी रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत जेमतेम पाच-सात टक्के पाणी लागतं; सकाळच्या सहा ते नऊ या तीनच तासांत मात्र चाळीस टक्क्यांच्या आसपास. हे ढोबळ प्रमाण आहे, आपल्या विंगचं नेमकं पाहायचं तर एक दिवस दर तासाला टाकीची पातळी आणि पंपाची वेळ लिहून ठेवली की झालं. पण ढोबळ प्रमाणावरूनही दिसतं की रात्रीचे १३ तास आणि दिवसाचे १३ तास यांची बरोबरी नाही. सकाळी ८ ते रात्री ९ बंद ठेवलं असतं तर बेरीज तीच आली असती, हाल चौपट झाले असते. नोटिशीतला खरा नाजूक आकडा तेरा नाहीच. तो ‘सकाळी ७’ आहे. सात वाजता पाणी आलं तर रात्रीचं कुणी नावही काढत नाही. सात-चाळीसला आलं तर कमिटीला महिनाभर ऐकावं लागतं.

संध्याकाळी सुरुवात करण्यात एक तोटाही आहे : उजेड. गंजलेला नट कापताना सावली आडवी आली की हात चुकतो. दोन चांगले बॅटरीचे दिवे आधीच चार्ज करून वर नेलेले असावेत. ओल्या टाकीत वायरवरचा साधा बल्ब सोडणं तर सरळ जिवावर बेतणारं आहे.

पंपाचंही तसंच. टाकीत पातळीचा सेन्सर असतो आणि पाणी खाली गेलं की पंप आपोआप सुरू होतो. तो त्याचसाठी लावलेला आहे. टाकी मुद्दाम रिकामी करायची तर हा सेन्सर आपलं काम चोख करणार आणि व्हॉल्व्ह उघडा पडलेला असताना खालून पाणी चढवणार. नुसतं पॅनेलवर ‘मॅन्युअल’ करून भागत नाही, कारण रात्री एखादा सभासद खाली येऊन वॉचमनला ‘अहो काका, जरा पंप लावा की’ म्हणतो. एमसीबी पाडून त्यावर कागद चिकटवायचा आणि पॅनेलच्या खोलीची किल्ली काम पाहणाऱ्याच्या खिशात ठेवायची.

आता दुपारकडे वळू, कारण बंदची खरी सुरुवात दुपारी होते. टाकी सहाला रिकामी हवी, पण १५,००० लिटर पाणी गटारात सोडून देणं परवडण्याजोगं नाही. तेव्हा ते वापरातूनच संपवायचं. दुपारी बारा वाजता टाकीत १०,००० लिटर राहतील अशा बेताने पंप बंद करायचा. बारा ते सहा या वेळात विंगचा नेहमीचा वापर ३,५०० लिटरच्या घरात. त्यावर नोटीस वाचून प्रत्येक घर साठा करणार. घरटी १५० लिटर धरले तर २८ घरांचे ४,२००. दोन्ही मिळून ७,७००. सहाला टाकीत उरतात साधारण २,३०० लिटर, आणि तळाच्या ४० मिलिमीटरच्या वॉशआउटमधून तेवढे काढायला पाऊण तास लागतो. वेळापत्रकातला पाऊण तास इथून आला. ते पाणीही पाइप लावून खालच्या झाडांना किंवा पार्किंग धुवायला देता येतं.

हा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे : घरटी १५० लिटर. नोटिशीत ‘आवश्यक तेवढे पाणी साठवून ठेवावे’ असं मोघम लिहिलं, तर आवश्यक म्हणजे किती हे प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे ठरवतो. पिंप, टब, बादल्या, घरातली मोठी पातेली असं सगळं भरायला गेलं की एका घराचे ४०० लिटर सहज होतात. २८ घरांनी तसं केलं तर ११,२०० लिटर, म्हणजे टाकीत होतं त्याहून जास्त. टाकी चारच्या सुमारास कोरडी पडते, सहाला कामावरून परतणाऱ्यांना एक थेंब मिळत नाही आणि वेळेआधी पाणी बंद केल्याची तक्रार होते. कमिटीने काहीच बंद केलेलं नसतं. शेजाऱ्यांच्या टबात ते पाणी निवांत पडून असतं आणि बुधवारी सकाळी ‘शिळं झालं’ म्हणून ओतूनही दिलं जातं.

१५० लिटर पुरतात का? चार माणसांच्या घराला संध्याकाळी सहा ते सकाळी सातपर्यंत पिण्या-स्वयंपाकाला २० लिटर, भांड्यांना ३०, हातपाय धुणं, तोंड धुणं मिळून २५. राहिला संडास. टाकीचा फ्लश दर वेळी आठ-दहा लिटर घेतो, पण बादलीने नेमकं ओतलं तर सहा लिटरमध्ये काम होतं. माणशी दोन वेळा धरलं तर ४८. एकूण १२३. वर थोडी सूट ठेवली की १५० झाले, म्हणजे १५ लिटरच्या दहा बादल्या. फ्लशच्या टाक्या सहाच्या आधी भरलेल्या असतातच, ते वेगळे. यात आंघोळ आणि कपडे धरलेले नाहीत, आणि धरूही नयेत. एक सकाळ तासभर उशिरा आंघोळ केल्याने कुणाचं काही बिघडत नाही. घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मात्र ५० लिटर जास्त हवेत, हे नोटिशीत उघड लिहावं, म्हणजे बाकीचे त्यांच्यासाठी हात आखडता घेतील.

सहा वाजले, पाणी बंद झालं. तरी तळमजल्यावर नळ सोडला की पाणी येतं, आणि सातव्या मजल्यावर मघाशीच थांबलेलं असतं. यात पक्षपात काही नाही. उभ्या पाइपात उरलेलं पाणी वजनाने खाली येतं, एवढंच. आतून ५० मिलिमीटरचा आणि २१ मीटर उंचीचा डाऊनटेक असेल तर त्यात ४१ लिटर पाणी मावतं, म्हणजे बादलीच्या मापाने तीनही नाही. तळमजल्याचं सुख तेवढ्या वेळाचं.

पण हे पाणी उतरताना वर पोकळी होते आणि ती हवा ओढते. डाऊनटेकच्या माथ्याला गच्चीवर एक उघडा, वाकवलेला पाइप असतो, तो याच कामासाठी असतो. कित्येक ठिकाणी तो गळतो म्हणून बूच मारून बंद केलेला असतो. मग हवा मिळेल तिथून ओढली जाते, आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या वरच्या मजल्यावर कुणीतरी नळाला रबरी पाइप लावून त्याचं टोक पिंपात बुडवून ठेवलेलं असतं आणि ‘येईल तेव्हा भरेल’ म्हणून नळही उघडा ठेवलेला असतो. खालच्या मजल्यावर नळ सोडला की वरच्या पिंपातलं पाणी उलट शोषलं जाऊन डाऊनटेकमध्ये येतं. पिंपात स्वच्छ पाणी असेल तर ठीक. पाइपाचं टोक कपडे भिजवलेल्या बादलीत असेल, किंवा संडासातला जेट घाण पाण्यात पडलेला असेल, तर तेच पाणी खालच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उतरतं. यावरचा उपाय फुकट आहे : पाणी बंद असताना सगळे नळ आणि कॉक बंद, आणि पाइपाचं टोक भांड्याच्या काठाच्या वर, पाण्यात नव्हे.

नळ बंद ठेवायचं दुसरं कारण सकाळी कळतं. पाणी आहे का पाहायला रात्री नळ फिरवला, आलं नाही, आणि तो तसाच उघडा राहिला. सिंकमध्ये भांडी, जाळीवर एखादी पिशवी. सकाळी पाणी आलं तेव्हा घरातले झोपलेले किंवा गावाला गेलेले. खालच्या घराच्या छताला पाणी लागलं की मग शोध सुरू होतो.

गीझरचंही बटण बंद असलेलं बरं. साठवणीच्या गीझरमध्ये पाणी उलट लाइनमध्ये जाऊ नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह असतो, पण जुन्या गीझरमध्ये क्षाराने तो अडकलेला असण्याची शक्यता असते. तसं झालं तर डाऊनटेक रिकामा होताना गीझरही काही प्रमाणात रिकामा होतो आणि कोरड्यात तापलेला कॉइल जळतो. सकाळी गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत गीझर लावू नये.

पहाटे साडेपाच. सोल्युशनचा वेळ पूर्ण झालेला. आधी टाकीत उतरून प्लास्टिकचे, गास्केटचे तुकडे, लोखंडाचा कीस उचलायचा. एक माणूस आत, एक झाकणाशी, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही. मग नवा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू. मिनिटाला १५० लिटर देणारा पंप असेल तर ५,००० लिटर चढायला साधारण ३५ मिनिटं लागतात. पूर्ण टाकी भरायची तर १०० मिनिटं. तेवढं थांबायची गरज नाही, कारण सकाळच्या गर्दीतही विंग सरासरी मिनिटाला ३५ लिटरच्या आसपास ओढते आणि पंप त्याच्या चौपट देतो. पण टाकीत दोन-चार बोटं पाणी येताच व्हॉल्व्ह उघडायचा मोह टाळावा. तळाचा ढवळलेला गाळ आणि हवा दोन्ही आउटलेटमधून घुसतात आणि पुढचा तासभर घरोघरी नळ खोकत राहतात. टाकीचा तिसरा हिस्सा भरला की पुरे. या ३५ मिनिटांत व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या बाजूवर पाण्याचा भार आलेला असतो, तेव्हा गास्केटभोवती कोरडं फडकं फिरवून ओल येते का पाहता येतं.

सहा-पाचला व्हॉल्व्ह पाव भागच उघडायचा. एकदम उघडला तर पाइपांत कोंडलेली हवा दबते, धक्क्याने पाणी उसळतं आणि रात्रभर जपलेल्या जोडावरच पहिला तडाखा बसतो. तळमजल्याचा बाहेरचा नळ उघडा ठेवायचा आणि तिथे स्वच्छ सलग धार आली की तो बंद करायचा. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. साडेसहाला काम आटोपतं. उरलेला अर्धा तास जोडावर लक्ष ठेवायला आणि अडीअडचणीला. हा अर्धा तास कागदावर दिसत नाही, पण तोच नसेल तर ‘सकाळी ७’ हा आकडा पाळला जाणं निव्वळ नशिबावर राहतं. उघडल्यावरही एखाद्या घरात पाणी येत नाही, वर-खाली दोन्हीकडे येतं. तिथे हवा अडकलेली असते. घरातले सगळे नळ एकदम पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं ठेवले की बहुधा सुटते.

पहिलं पाणी कुठल्या रंगाचं आहे ते पाहावं. पांढरट दुधाळ असेल तर पेल्यात घेऊन ठेवावं. मिनिट-दोन मिनिटांत खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती नुसती हवा. तपकिरी असेल आणि तळाला काही बसत असेल तर तो गंज किंवा गाळ, तो न्हाणीघराच्या नळातून वाहू द्यावा, बादलीत धरून संडासाला वापरावा. शुद्धीकरण यंत्राचा कॉक पाणी निवळेपर्यंत बंद राहू द्यावा. नळाची धार बारीक झाली असेल तर पाण्याचा दाब कमी आहे असं समजू नये; नळाच्या तोंडाची जाळी काढून झटकली की बऱ्याचदा मूठभर कचरा निघतो.

एवढं सगळं नोटिशीत मावत नाही हे खरं, पण सहा ओळी मावतात. ‘गच्चीवरील टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बदलण्यासाठी मंगळवारी सायं. ६ ते बुधवारी सकाळी ७ (एकूण १३ तास) पाणी बंद राहील. पैकी काम सुमारे ३॥ तास, जोड वाळण्यास ८ तास, टाकी भरून लाइन सुरू करण्यास १॥ तास. मंगळवारी दुपारी १२ नंतर पंप बंद असेल. प्रत्येक घराने १५० लिटर (१० बादल्या) पर्यंतच साठा करावा. बंदच्या काळात सर्व नळ व गीझर बंद ठेवावेत, पाइप पाण्यात बुडवून ठेवू नयेत. आजारी व्यक्ती किंवा तान्हे मूल असलेल्या घरांनी जादा पाण्यासाठी सोमवारपर्यंत कार्यालयात सांगावे. पहाटे काम लांबल्यास नवी वेळ ६ वाजता ग्रुपवर कळविली जाईल.’ शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची. उशीर होणारच असेल तर तो साडेपाचला, जोड आणि टाकी पाहिल्याबरोबर कळतो. सात वाजून गेल्यावर कळवण्यात काही हशील नाही.

आणि आगीसाठी राखीव असलेली टाकी वेगळी असेल तर तिला या सगळ्या प्रकरणात हात लावायचा नाही, कुणी कितीही ‘तिथे भरपूर पाणी आहे’ म्हणालं तरी.

राहता राहिला जुना व्हॉल्व्ह. तो का गेला? वर्षानुवर्षं उघडाच होता म्हणून. चाकीचा गेट व्हॉल्व्ह न हलवता ठेवला की खालच्या खाचेत गाळ बसतो, स्पिंडल गंजून धरतो, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी जोर लावल्यावर आतला गेट स्पिंडलपासून सुटतो. मग चाकी गरागरा फिरते, हाताला काही अडत नाही आणि पाणी चालूच राहतं. दाब कमी-जास्त करायला तो अर्धवट उघडा ठेवायची सवय असेल तर गेटची कडही झिजते. नव्याला दर तीन महिन्यांनी एकदा, दुपारी गर्दी नसताना, पूर्ण बंद करून पूर्ण उघडायचं आणि शेवटी चाकी पाव फेरा मागे घ्यायची, म्हणजे ती टोकाला अडकून बसत नाही. बंद केल्यावर तो खरंच बंद होतो का, हे पाहायला तळमजल्याचा नळ सोडायचा, सातव्या मजल्यावरचा त्याच रांगेतला एक नळ हवेसाठी उघडायचा, मधल्या मजल्यांना दहा मिनिटं नळ न सोडण्याबद्दल सांगायचं, आणि बादल्या मोजायच्या. तिसऱ्या बादलीत धार तुटली तर व्हॉल्व्ह ठीक आहे. चौथी भरत आली तरी पाणी येतच असेल, तर व्हॉल्व्हमधून पाणी पाझरतंय. दोन-तीनदा उघडझाप करून खाचेतला गाळ निघून जातो का पाहायचं, आणि नाहीच गेला तर प्लंबरला त्याच आठवड्यात गच्चीवर न्यायचं.